जिनिंगमध्ये आग लागली, आता संध्याकाळचं निवेदन कसं सुधारायचं?

विदर्भात कापसाचा हंगाम भरात असताना एखाद्या जिनिंग-प्रेसिंगला आग लागली, की बंब पोहोचायच्या आधीच गेटवर गाव जमतं आणि तासा-दोन तासांत कंपनीकडून ‘निवेदन’ निघतं. ते बहुतेक वेळा दिवाणजी नाहीतर ऑफिसातलं नवीन पोरगं लिहितं. शेठजी फोनवर ऐकून ‘टाका’ म्हणतात आणि ते तालुक्याच्या पत्रकारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जातं. त्या नव्या पोराला किंवा पोरीला अशा वेळी हाताशी असावं म्हणून हे लिहितोय. कोऱ्या कागदावर निवेदन लिहिण्यापेक्षा कुणीतरी घाईत लिहिलेलं सुधारायची पाळी जास्त वेळा येते, म्हणून इथे आपण एक कच्चा मसुदाच हातात घेऊ.

प्रसंग कल्पित आहे. वर्धा जिल्ह्यातलं एक गाव, तालुक्यापासून अठराएक किलोमीटर. जानेवारीची दुपार, ३:४० वाजता जिन हाऊसमध्ये धूर दिसला आणि बघता बघता आग शेजारच्या कापसाच्या गंजीपर्यंत गेली. नगरपालिकेचा बंब ४:२५ ला आला. तीन कामगार भाजले. दोघांना ग्रामीण रुग्णालयात नेलं, तिसऱ्याला तिथून नागपूरला मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात हलवलं. संध्याकाळी साडेसहाला तुमच्या हातात हा मसुदा येतो:

‘आज दुपारी आमच्या कंपनीत शॉर्ट सर्किटमुळे किरकोळ आग लागण्याची दुर्दैवी घटना घडली. काही कामगारांनी सुरक्षेचे नियम न पाळल्याने ते किरकोळ जखमी झाले असून सर्वांची प्रकृती स्थिर आहे. कंपनीत सुरक्षेचे सर्व निकष काटेकोरपणे पाळले जातात. आग पूर्णपणे विझली असून परिस्थिती नियंत्रणात आहे. सुमारे ८० लाखांचे नुकसान झाले आहे. जखमींना शक्य ती सर्व मदत केली जाईल. नागरिकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये.’

वाचायला गुळगुळीत आहे, पण यातलं जवळजवळ एकही वाक्य आज संध्याकाळी कुणी सिद्ध करू शकणार नाही.

लेखणी हातात घ्यायच्या आधी

मसुद्याची भाषा सुधारायला लगेच बसू नका. आधी एका कागदावर उभ्या दोन रेघा मारून तीन रकाने करा. पहिल्यात माहिती, दुसऱ्यात ती कुणी आणि किती वाजता सांगितली, तिसऱ्यात ती कुठे लिहिलेली आहे किंवा कुणी डोळ्यांनी पाहिली. मसुद्यातला प्रत्येक दावा या कागदावर उतरवा. तिसरा रकाना रिकामा राहिला, तर तो दावा आजच्या निवेदनात जाणार नाही. ‘३:४० वाजता धूर दिसला’ हे जिन फिटरने पाहिलंय आणि ३:४४ ला नगरपालिकेला केलेल्या फोनची नोंद मोबाइलमध्ये आहे, म्हणजे ते राहील. ‘शॉर्ट सर्किट’ कुणी सांगितलं? गेटवर सगळे म्हणत होते. तिसरा रकाना कोरा.

या कागदावर सगळ्यात जास्त वेळ माणसांच्या संख्येवर घालवा, कारण जिनिंगमध्ये ती एका रजिस्टरवर कधीच नसते. फिटर, ऑपरेटर, काटेवाला हे कंपनीच्या हजेरीपटावर असतात. कापूस ओढणाऱ्या बाया आणि गठाणी उचलणारी माणसं मुकादमाच्या वहीत असतात आणि त्या वहीत सकाळी लिहिलेलं नाव दुपारी बदललेलं असू शकतं, कारण वहिनीच्या जागी नणंद येऊन जाते. तिसरा गट कुणाच्याच वहीत नसतो: कापूस घेऊन आलेले शेतकरी, ट्रॅक्टर आणि बोलेरोचे ड्रायव्हर, त्यांच्यासोबत आलेला एखादा पोरगा. त्यांचा माग काट्याच्या पावत्यांवरून लागतो. त्या दिवशी कोणकोणत्या गाड्यांचा काटा झाला ते बघा आणि प्रत्येकाला फोन लावा. तिन्ही याद्या जुळल्याशिवाय ‘बाकी सर्व जण सुरक्षित आहेत’ हे वाक्य लिहू नका. याद्या जुळल्या नसतील, तर मोजणी चालू आहे असं सरळ लिहा. लोकांना ते ऐकायला आवडणार नाही, पण रात्री कुणाची बायको गेटवर येऊन ‘कुठी नेलं आमच्या मानसाले?’ म्हणाली, तर तुमचं निवेदन तिच्यासमोर टिकेल.

कारण गाळायचं

आता मसुदा घ्या. पहिला घाव ‘शॉर्ट सर्किटमुळे’ वर घाला. जिनिंगला आग लागायची कारणं बरीच असतात. कापसासोबत खडा किंवा लोखंडाचा तुकडा आत जाऊन ठिणगी पडते, रोलर आणि सुरी एकमेकांवर जास्त घासून तापतात, बेअरिंग सुकतं, वायर जळते, कुणी बिडी टाकतं. जळालेल्या जिन हाऊसकडे संध्याकाळी बघून यातलं कोणतं घडलं ते सांगता येत नाही. वायरी जळालेल्या दिसतातच, पण त्यांच्यामुळे आग लागली की आगीमुळे त्या जळाल्या, हे विद्युत निरीक्षक तपासूनच सांगू शकतो.

लोक हा शब्द लिहितात कारण त्यात कुणाचीच चूक नाही असं त्यांना वाटतं. तसं नाही. कारखान्याची वायरिंग नीट ठेवणं मालकाचंच काम आहे, म्हणजे हे वाक्य लिहून तुम्ही तपासाआधीच स्वतःवर ठपका घेता. उद्या अहवालात बेअरिंग निघालं, तर कंपनी खोटं बोलली असं होतं. विमा कंपनीचा सर्व्हेअरही तुमचं निवेदन दाव्याच्या फायलीला लावतो, हे शेठजींना सांगितलंत तर ते गाळायला चटकन तयार होतात.

‘प्राथमिक अंदाजानुसार’, ‘सूत्रांच्या माहितीनुसार’, ‘शक्यता नाकारता येत नाही’ असली शेपटं लावून तोच अंदाज परत आत घेऊ नका. पत्रकार शेपूट कापतो आणि मथळ्यात ‘शॉर्ट सर्किटमुळे आग’ असंच छापतो. त्याऐवजी एक स्वच्छ वाक्य पुरतं: आगीचे कारण अद्याप समजलेले नाही. त्यासोबत तपास कोण करतंय ते नावानिशी लिहा: पोलीस, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, विद्युत निरीक्षक. पण त्यांना खरंच कळवलं असेल तरच. मृत्यू झाला किंवा जखमी माणूस ४८ तास किंवा त्याहून जास्त काळ कामावर येऊ शकणार नसेल, तर अपघाताची सूचना कायद्यानेच द्यावी लागते. त्यामुळे निवेदन पाठवण्याआधी मॅनेजरला विचारा की ती गेली का, किती वाजता गेली. मी बघितलंय, पुष्कळ ठिकाणी पत्रकारांना आधी कळतं आणि संचालनालयाच्या निरीक्षकाला दुसऱ्या दिवशी पेपर वाचून.

‘कामगारांनी नियम न पाळल्याने’ हे तर पूर्णच खोडायचं. हाही कारणाचाच अंदाज आहे, शिवाय ज्याच्याबद्दल आहे तो पलंगावर आहे आणि उत्तर देऊ शकत नाही. त्याचा भाऊ वॉर्डाबाहेर बसून मोबाइलवर हेच वाचणार आहे. त्याच न्यायाने ‘सर्व निकष काटेकोरपणे पाळले जातात’ हेही जाईल. ज्या दिवशी तीन माणसं भाजली त्या दिवशी हे वाक्य बचावासारखं वाचलं जातं, आणि अग्निशमनाचा एखादा सिलिंडर मुदत संपलेला निघाला की ते खोटं ठरतं. सिलिंडर कधी भरले, मॉक ड्रिल कधी झाली, याची कागदपत्रं तपासणाऱ्यांसमोर ठेवा. निवेदनात त्यांची जाहिरात नको.

विशेषणं आणि आकडे

‘किरकोळ’ हा शब्द दोनदा आलाय, दोन्हीकडून काढा. जखम किरकोळ की गंभीर हे डॉक्टर सांगतो, आणि भाजलेल्या माणसाबद्दल तोही पहिल्या दिवशी जपून बोलतो. भाजल्यावर सुरुवातीला माणूस बोलत असतो, पाणी मागतो, आणि दोन-तीन दिवसांनी तब्येत बिघडू शकते. म्हणून ‘प्रकृती स्थिर’ हे डॉक्टरने सांगितलं नसेल तर लिहायचं नाही. सांगितलं असेल तर किती वाजता सांगितलं तेही लिहायचं. किती टक्के भाजला हा आकडा घरच्यांच्या संमतीशिवाय देऊ नका. नावंही देऊ नका. नाव आधी घरी पोहोचलं पाहिजे, तेही कंपनीच्या माणसाच्या तोंडून.

‘आग पूर्णपणे विझली’ हे वाक्य कापसाच्या बाबतीत फार धोक्याचं आहे. वरून पाणी मारून काळी पडलेली गंजी आतून धुमसत राहते. दाबलेल्या गठाणीत तर विस्तव तासन्‌तास, कधी कित्येक दिवस टिकतो आणि वारा लागला की परत पेटतो. पहाटे बंब दुसऱ्यांदा बोलवावा लागला तर तुमचं निवेदन हसण्याचा विषय होतो. ज्वाला दिसत नाहीत, गंजी मोकळी करून थंड करण्याचं काम चालू आहे, बंब जागेवर आहे, एवढं लिहा. डोळ्यांना दिसतं तेवढंच खरं धरा.

नुकसानीचा आकडा आज देऊ नका. रुई, सरकी, गठाणी, यंत्रं यांचा हिशेब स्टॉक रजिस्टर आणि सर्व्हेअरशिवाय होत नाही. शिवाय भाजलेल्या माणसांच्या पुढच्याच ओळीत ८० लाख आले की वाचणाऱ्याला कंपनीचा जीव कशात आहे ते कळतं. कापूस सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या खरेदीतला असेल तर तो तुमचा नाहीच, त्याबद्दल त्यांच्या केंद्रप्रमुखाला विचारल्याशिवाय अक्षर लिहू नका.

पैशाची एक बाब मात्र निवेदनात असलीच पाहिजे, आणि नेमकी तीच शहरात बसून लिहिलेल्या निवेदनात कधी नसते. त्या दिवशी ज्यांच्या कापसाचा काटा झाला पण चुकारा झाला नाही, त्या शेतकऱ्यांचं काय? आपला कापूस जळाला म्हणजे पैसे बुडाले, ही भीती रात्रीतून चार गावांत पसरते. शेठजींना सरळ विचारा. पावती दाखवणाऱ्याला ठरलेल्या तारखेला पैसे मिळणार असतील, तर ते एका वाक्यात लिहा. ते तयार नसतील तर खोटं आश्वासन नको, या शेतकऱ्यांशी उद्या कोण आणि कुठे बोलेल तेवढं लिहा.

काळजी दिसते ती कामातून

‘शक्य ती सर्व मदत’ याचा अर्थ कुणालाच कळत नाही. काळजी दाखवायला विशेषणं शोधू नका. कंपनीने आतापर्यंत काय केलं ते विचारा, ते लिहा. मेडिकलला जखमीसोबत कंपनीचा कोण गेला? त्याचा फोन लागतो का? औषधांचे पैसे कोण भरतंय? घरच्यांना नागपूरला न्यायला गाडी दिली का? बऱ्याचदा हे विचारल्यावरच ती कामं होतात. निवेदन लिहिणाऱ्याचा हा एक उपयोग आहे.

दोन गोष्टींत पक्के राहा. एक, कायद्याने जे द्यावंच लागतं त्याला ‘मदत’ म्हणू नका. ईएसआयचे लाभ किंवा ईएसआय नसेल तिथे नुकसानभरपाई हा कामगाराचा हक्क आहे, मग तो मुकादमामार्फत आलेला का असेना. दोन, ज्याला मालकाने हो म्हटलेलं नाही असं काहीही आपल्या मनाने लिहू नका. कारखाना बंद असेल त्या दिवसांची मजुरी देणार का, हे विचारा. ‘बघू’ असं उत्तर आलं तर निवेदनात ते येणार नाही.

दुःख व्यक्त करायला वकील आडकाठी करतात असा अनुभव येईल. वकिलाला मसुदा दाखवाच, पण फरक समजून घ्या. ‘आमचे तीन सहकारी भाजले, याचे आम्हाला अतिशय दुःख आहे’ यात चुकीची कबुली नाही. ‘आमच्या हलगर्जीमुळे’ यात आहे. पहिलं वाक्य वकिलाने कापलं तर कारण विचारा. बहुतेक वेळा सांगण्यासारखं कारण नसतं. ‘दुर्दैवी घटना घडली’ मात्र स्वतःच काढा, त्यात दुःख कमी आणि दैवावर ढकलणं जास्त आहे.

‘अफवांवर विश्वास ठेवू नये’ हेही गाळा. त्याऐवजी पुढची माहिती किती वाजता मिळेल ते सांगा आणि ती वेळ पाळा. सांगण्यासारखं नवीन काही नसलं तरी त्या वेळेला ‘नवीन माहिती नाही’ असं कळवा.

सुधारलेला मजकूर

आता वाक्यांचा क्रम लावा. आधी माणसं, मग काय घडलं, मग काय माहीत नाही, मग कोण काय करतंय. आपल्या प्रसंगात ते असं होईल:

‘मंगळवार, सायंकाळी ७:१५. आज दुपारी आमच्या जिनिंग कारखान्यात लागलेल्या आगीत तीन कामगार भाजले. याचे आम्हाला अतिशय दुःख आहे. दोघांवर ग्रामीण रुग्णालयात उपचार सुरू आहेत. एकाला नागपूर येथील मेडिकलमध्ये हलवले असून कंपनीचे सुपरवायझर त्यांच्यासोबत आहेत. तिघांच्याही कुटुंबांना आम्ही स्वतः कळवले आहे. उपचाराचा खर्च कंपनी करत आहे.

दुपारी ३:४० च्या सुमारास जिन हाऊसमध्ये धूर दिसला. ३:४४ वाजता नगरपालिकेच्या अग्निशमन दलाला फोन केला. बंब ४:२५ वाजता पोहोचला. सध्या ज्वाला दिसत नाहीत, मात्र कापसाची गंजी मोकळी करून थंड करण्याचे काम सुरू आहे व बंब जागेवर आहे.

हजेरीपट आणि मुकादमाच्या वहीप्रमाणे कामावर असलेल्या सर्वांशी आमचा संपर्क झाला आहे. कापूस घेऊन आलेल्या शेतकरी व चालकांशी संपर्क करणे सुरू आहे. दुपारी कारखान्यात असलेल्या कोणाचा पत्ता लागत नसेल तर खालील क्रमांकावर कळवावे.

आगीचे कारण अद्याप समजलेले नाही. पोलीस तसेच औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला कळवले आहे. तपास पूर्ण होऊन परवानगी मिळेपर्यंत कारखाना बंद राहील. आज काटा झालेल्या कापसाचे पैसे पावतीप्रमाणे ठरलेल्या तारखेला दिले जातील.

पुढील माहिती आज रात्री १० वाजता देऊ.’

खाली मालकाचं किंवा मॅनेजरचं नाव आणि उचलला जाणारा फोन नंबर. ‘व्यवस्थापन’ अशी सही करू नका. पाठवण्याआधी मजकुरात ज्यांची नावं किंवा कामं आलीत त्यांना एकदा फोन करा: सुपरवायझर खरंच वॉर्डात आहे ना, की चहाला गेलाय म्हणून त्याचा फोन बंद आहे? साडेसहाला खरं असलेलं सव्वासातला खरं असेलच असं नाही.

हा कागद पत्रकारांसाठी झाला. गेटवर उभ्या असलेल्यांना तो वाचून दाखवू नका, त्यांना तेच बोलीत सांगा, आणि सांगणारा माणूस त्यांच्या ओळखीचा असू द्या. पोलीस पाटील, सरपंच आणि मुकादम यांना मजकूर आधी द्या. मजूर मेळघाटातले किंवा मध्य प्रदेशातले असतील तर कोरकू किंवा हिंदीत सांगणारं कुणी शोधा. बोलीत सांगताना माहिती वाढत जाते, ‘वायर जळाली म्हणते’ असं कुणीतरी जोडतंच, म्हणून सांगणाऱ्याला एक वाक्य पाठ करून द्या: ‘काहून लागली थे अजून कोनालेच मालूम नाई, साहेब लोक पाहून रायले.’

पत्रकार फोन करून कारण विचारतीलच, आणि ‘नावाशिवाय सांगा’ असंही म्हणतील. उत्तर तेच ठेवा. शेठजींच्या पुतण्याने गावातल्या ग्रुपवर वेगळं काही टाकलं तर तुमची सगळी मेहनत पाण्यात, तेव्हा बोलायचं एकानेच, हे घरातल्यांनाही संध्याकाळीच सांगून ठेवा.

माहिती बदलली तर

बदलणारच. आपल्या प्रसंगात रात्री साडेनऊला काट्याच्या पावत्यांवरून फोन लावताना कळतं की शेजारच्या गावचा एक शेतकरी हाताला भाजला होता आणि कुणाला न सांगता गाडी घेऊन घरी गेला, तिथल्या डॉक्टरकडे मलमपट्टी करून घेतली. म्हणजे जखमी तीन नव्हे, चार. जुना मेसेज गुपचूप डिलीट करून नवा टाकू नका. लोकांकडे त्याचे स्क्रीनशॉट असतात. उपचारादरम्यान कुणी दगावलं, तर डॉक्टरने जाहीर करून घरच्यांना कळल्यावरच ते लिहायचं, आणि त्या निवेदनात मृत्यूखेरीज कारखान्याचं दुसरं काही असू नये. पोलिसांकडे मर्ग, म्हणजे आकस्मिक मृत्यू दाखल झाला तरी ती फक्त नोंद असते, तिच्यावरून कारण ठरलं असं लिहू नका.

आपली दहा वाजताची ओळ मात्र साधी आहे:

‘मंगळवार, रात्री १०:००. सायंकाळी ७:१५ च्या निवेदनात आम्ही तीन जखमी असल्याचे म्हटले होते. कापूस घेऊन आलेले एक शेतकरीही हाताला भाजल्याचे आम्हाला रात्री ९:३० वाजता समजले. ते घरी असून त्यांच्या उपचाराचा खर्च कंपनी करेल. जखमींची संख्या आता चार आहे. काटा झालेल्या सर्व गाड्यांच्या मालकांशी व चालकांशी संपर्क झाला आहे. आगीचे कारण अद्याप समजलेले नाही. पुढील माहिती उद्या सकाळी ९ वाजता देऊ.’